पाचवं फूल

फार पूर्वी एका रानात म्हातारी घुबडीण आपली ढोली सोडून निघाली. तिने सोळा पानांवर सोळा शब्द लिहिले. "चार-चार जुळत्या शब्दांचे चार गट लावील त्याची ढोली. एक चूक झाली की बाद."

पोपटाने मोगरा, जाई, शेवंती, अबोली झटकन उचलली आणि तो बाद झाला.

खारीच्या पिलांना घर नव्हतं, तरी ती घाईला आली नाही. आधी तिने सगळं मोजलं. "चाफा धरून फुलं पाच. राखाडी, तपकिरी, किरमिजी हे रंग मात्र तीनच. म्हणजे अबोली रंगांत."

अवयवही पाच निघाले: गळा, पाठ, पोट, कंबर, मान. आदर, गौरव, सत्कार यांना चौथा हवा होता. तिथे तिने मान ठेवला. सोळाही पानं जुळली.

"हे शब्द मलाही येत होते!" पोपट कुरकुरला.

"येत होते रे," पिलांना ढोलीत सरकवत खार म्हणाली, "पण चार मिळताच तू पाचवा शोधला नाहीस."