बाबा सरळ बोलले तेव्हा

दोष सोमगिरी बाबांचा होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मठात ते अजून कुणी उघड म्हणत नाही. तिथे विचाराल तर सांगतील, टपालात काहीतरी घोटाळा झाला.

"तुम्ही बोललात की नाही, एवढंच सांगा," रेवण म्हणाला.

बाबा ओट्यावर पाय सोडून बसले होते. गुडघा चोळत होते. मागे मंडपात पंधरावीस माणसं होती, नेहमीची. सोमवार होता, म्हणजे चिठ्ठ्यांचा दिवस.

मठाची ही जुनी रीत. लांबच्या गावांतून लोक प्रश्न लिहून पाठवायचे. सोमवारी ते मोठ्याने वाचले जायचे, बाबा तिथल्या तिथे उत्तर द्यायचे आणि रेवण ते पोस्टकार्डावर उतरवायचा. शिक्षण अर्धवट टाकून मठात आलेल्या या पोराला एकाच गोष्टीचा माज होता. चार वर्षांत बाबांचा एक शब्द त्याने इकडचा तिकडे केला नव्हता.

आज त्याच्या हातात त्यातलंच एक कार्ड होतं. परत आलेलं. कडा हळदीने पिवळ्या झालेल्या.

"वाच," बाबा म्हणाले.

"तुम्हाला पाठ असेल."

"वाच रे. मला कंटाळा आलाय."

रेवणने वाचलं. "'लावा की, लिंबाजीराव! डॉक्टरला काय कळतं? दहाबारा वर्षं शिकला, एवढंच. तुमच्या घरी चूल आहे, चुलीत राख आहे. रोज चिमूटभर लावा. महिन्याभरात बाईंना इथून मुंबई दिसेल.'"

मंडपात कुणीतरी हसलं. मग त्या कार्डाने काय झालं ते त्याला आठवलं, आणि तो गप्प झाला.

लिंबाजीने विचारलं होतं ते असं: बायकोचा एक डोळा काचबिंदूने गेलाय. दुसऱ्यालाही तेच झालंय. डॉक्टर म्हणतो, ताबडतोब ऑपरेशन करा, एकदा गेलेली नजर परत येत नाही. सरू घाबरते. बाबांचा अंगारा लावला तर चालेल का?

कार्ड मिळालं. लिंबाजीने ते देवासमोर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. तीन महिने राख लावली. दुसराही डोळा गेला.

"बोललो," बाबा म्हणाले.

"हं."

"पण तू होतास ना तिथे? मी काय म्हणतोय ते तुला कळलं होतं की नाही?"

"कळलं होतं."

"कसं कळलं?"

रेवणला हा डाव ओळखीचा होता. प्रश्न विचारणाऱ्यालाच प्रश्नांनी दमवायचं. म्हाताऱ्यांना याची भारी हौस असते, आणि लोक त्याला शिकवणं म्हणतात. तरी त्याने उत्तर दिलं.

"तुम्ही सावकाश बोललात. एरवी शब्द चावून फेकता. त्या दिवशी 'डॉऽऽक्टरला' म्हणालात, एवढा लांबवून."

"आणि?"

"आवाज सपाट होता. खरंच सांगायचं असतं तेव्हा तुमचा आवाज चढतो, हात हलतो. तेव्हा भुवईसुद्धा हलली नाही. डोळे अर्धे मिटलेले."

"आणि?"

"'लिंबाजीराव' म्हणालात. मनातून बोलता तेव्हा सगळ्यांना अरेतुरे करता. राव तुम्ही फक्त येड्याला लावता."

मागून एकजण "खरंय" म्हणाला.

"त्याचंच बोलणं त्याच्या तोंडावर परत मारलंत. तो म्हणतो लावू का, तुम्ही म्हणता लावा की. वर मुंबई दाखवलीत. इतकं मोठं कुणी खरं मानून बोलत नाही, तेवढ्यावरूनच समजतं."

"झालं?"

"नाही. मुख्य राहिलं. मठातला अंगारा वीस वर्षांपूर्वी तुम्हीच बंद केलात. या गुडघ्यात तुम्ही डॉक्टरकडून इंजेक्शन घेता. हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. हा माणूस असं म्हणणारच नाही, हे आधी माहीत असतं. म्हणून ऐकणारा अडखळतो आणि शब्द उलटे करून घेतो. बाकीच्या खुणा नुसत्या मदतीला. त्या सगळ्या एकदम आल्या म्हणून मंडप तुमचं वाक्य संपायच्या आत हसला."

बाबांनी मान हलवली. शिष्य हुशार निघाल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर दिसला, अशा वेळीसुद्धा.

"मग यातलं कार्डावर काय काय गेलं?" त्यांनी विचारलं.

"मुंबई आणि राव."

"तेवढ्याने नाही कळलं त्याला?"

"भाविकाला मुंबई मोठी वाटत नाही, बाबा. तो तेवढ्याचसाठी चिठ्ठी लिहितो. आणि त्याच्या गावात राव म्हणजे मान. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी लिंबाजीराव म्हणालं. त्याने ते कार्ड शेजारच्यांना दाखवलं."

बाबा पुन्हा गुडघा चोळू लागले.

मग म्हणाले, "एवढं कळत होतं तर खाली एक ओळ घालायचीस. 'डॉक्टरकडे जा.' हात झडला असता का?"

हे खरं होतं. रेवण त्या दिवशी हसत हसतच लिहीत होता. हसणं त्याने मंडपात ठेवलं आणि शब्द तेवढे टपालपेटीत टाकले.

"नाही झडला असता," तो म्हणाला. "माझं मी त्या बाईला सांगून आलोय. पाय धरून. आता तुमचं तुम्ही सांगा."

"कुठे?"

"बाहेर बसलेत दोघं. सकाळच्या एसटीने आणलंय मी त्यांना. तुम्ही तिला चुकलो म्हणालात तर मी राहतो. नाही म्हणालात तर त्यांच्याबरोबर परतीच्या गाडीने जातो. चार वर्षं तुमचे शब्द उचललेत, आता मला दम नाही."

लिंबाजी पुढे आणि त्याचा खांदा धरून सरूबाई मागे, अशी दोघं आत आली. पन्नाशीची बाई. पदर घट्ट खोचलेला. उंबऱ्याला पाय लागला तेव्हा ती थांबली, पायाने उंची मापली आणि आत आली.

लिंबाजी बाबांच्या पायांकडे वाकला. बाईने त्याला मागे ओढलं.

"आधी मला ऐकू द्या," ती म्हणाली. "हा पोरगा म्हणतो, बाबा तसं बोललेच नव्हते. बोलले पण तसं नव्हते. मला काही उमजेना. कसं बोलले होते? बोलून दाखवा."

बाबांनी रेवणकडे पाहिलं. रेवणने खाली पाहिलं.

बाबा बोलले. तसंच, सावकाश. "लावा की, लिंबाजीराव. डॉऽऽक्टरला काय कळतं..."

"बास," सरूबाई म्हणाली.

तिने नवऱ्याचा खांदा हलवला.

"अहो, हे तर नको म्हणालेत," ती नवऱ्याला म्हणाली. "माझी सासू असंच बोलायची. 'झोपा सूनबाई, उठायची घाई काय?' हे शेंबड्या पोरालाही कळेल. तुम्हाला नाही कळलं?"

"कार्डावर आवाज कुठे होता गं," लिंबाजी म्हणाला. त्याला रडू येत होतं, पण तो रडला नाही. "मी तर... मी तर ते चांगल्या आवाजात वाचलं तुला."

"हो. तुम्ही चांगल्या आवाजात वाचलं."

ती बाबांच्या दिशेने वळली. दिशा थोडी चुकली. ती खांबाकडे तोंड करून उभी राहिली.

"मग माझी नजर नुसत्या थट्टेत गेली म्हणायची."

बाबा ओट्यावरून उतरले. गुडघा दुखत होता, तरी उतरले. चाळीस वर्षांत ते कुणासाठी उतरले नव्हते. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"सरूबाई," ते म्हणाले. "माझं चुकलं. तुम्ही मला क्षमा करा."

आणि मंडप हसला.

मोठ्याने नाही. नाकातून, ओठ दाबून, पण हसला. त्यांचाही इलाज नव्हता. आमदार येऊन गेला की त्याच्या पाठीमागे बाबा असेच हात जोडायचे. असंच 'तुम्ही' म्हणायचे. आवाज असाच सावकाश, तोंड असंच दगडाचं. चाळीस वर्षं ज्या खुणांवर माणसं हसत आली, त्या सगळ्या पुन्हा एकदम आल्या होत्या. हा माणूस कधी चुकलो म्हणत नाही, हेही सगळ्यांना आधीच माहीत होतं.

"गप्प बसा रे!" रेवण ओरडला.

सरूबाईचं तोंड लाल झालं. "अजून थट्टा?"

"नाही गं," बाबा म्हणाले. 'तुम्ही' त्यांनी टाकून दिलं. "खरं सांगतोय. चुकलो मी."

आवाज चढवायचा म्हणून त्यांनी चढवला. तो नाटकातल्यासारखा निघाला. मागे एका म्हाताऱ्याने तोंडावर उपरणं धरलं.

"खरं की खोटं, हे म्हणे तोंडावरून कळतं," सरूबाई म्हणाली. "कुठे आहे यांचं तोंड?"

रेवणने तिचा हात धरून नेला.

तिने बाबांच्या कपाळावर बोटं ठेवली. भुवया चाचपल्या. गाल, ओठांचे कोपरे, पुन्हा भुवया. घाई केली नाही. पीठ नीट मळलंय का बघावं, तशी दाबून दाबून बघत होती. बाबा डोळे मिटून उभे होते. काहीतरी हलावं म्हणून त्यांनी जोर लावला असेल. पण इतक्या वर्षांत ते तोंड एकच काम शिकलं होतं.

तिने हात काढून पदराला पुसला.

"काही हलत नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "मला नाही कळत. चला."

लिंबाजीने खांदा पुढे केला. दोघं उंबऱ्यापाशी थांबली, तिने पायाने उंची मापली, आणि गेली. मंडपात आता कुणी हसत नव्हतं. पण त्याचा उपयोग नव्हता.

रेवणने पिशवी उचलली. मग खाली ठेवली. म्हाताऱ्याने अट पाळली होती. त्याने तर चुकलो म्हटलंच होतं.

"बोलावून आणू का त्यांना?" रेवणने विचारलं. "एसटीला अजून वेळ आहे. तिला पुन्हा सांगा. एकटीला. इथे कुणी नसताना."

बाबा ओट्याला टेकून उभे होते. वर चढायचं त्यांच्या जिवावर आलं होतं...

"नको," ते म्हणाले. "खरं बोलायला माझ्याकडे वेगळा आवाज उरलेला नाही."