लाडकीसाठी घेतलेला शब्द

सातासमुद्रापलीकडे कुणीतरी फोन खाली ठेवल्याचा खट्ट आवाज एका नातवाने लहानपणी ऐकला होता. तो कसा ऐकावा लागला, त्याची ही गोष्ट.

एकदा एक आजी आणि तिचा सातवीतला नातू यांनी रोज दिवेलागणीला शब्दांची अदलाबदल सुरू केली. त्याने एक इंग्रजी शब्द द्यायचा, तिने एक मराठी. घेतलेला शब्द दुसऱ्या दिवशी कुणाशी तरी बोलताना वापरायचा. कुणाशी आणि काय बोललो, ते सांगितल्याशिवाय नवा शब्द मिळत नसे. आजीने 'स्लोली' हा शब्द भरधाव जाणाऱ्या दूधवाल्यावर वापरला. नातवाने 'उसंत' गणिताच्या मास्तरांकडे मागितली आणि तासभर अंगठे धरले.

आजीची ओढ निराळी होती. तिची लेक कुमुद परदेशात राहत होती. कुमुदच्या पाच वर्षांच्या चारूला मराठी येत नव्हते. दर रविवारी फोन येई, तेव्हा आजीला नातीशी स्वतःच्या तोंडाने बोलायचे होते.

"लाडकीला काय म्हणतात रे?" तिने एकदा विचारले.

नातवाला थट्टा सुचली. "स्टुपिड," तो म्हणाला.

रविवारी तो फोनला कान लावून बसला. आजी मायेने म्हणाली, "चारू, माय स्टुपिड." पलीकडे खट्ट झाले. पुढच्या रविवारी चारू फोनवर आलीच नाही. कुमुदने आईला अर्थ सांगितला आणि विचारले, "कुणी शिकवलं तुला हे?"

"माझाच घोटाळा झाला," आजी म्हणाली.

त्या संध्याकाळी नातू लांबच बसला.

"ये. आज माझा शब्द आधी घे," आजी म्हणाली. "ओशाळणे."

"म्हणजे काय?"

"आरशात बघून ये."

तो जागचा हलला नाही.

"आता तू दे. लाडकीला काय म्हणतात?"

"डार्लिंग. पण आजी, आधी शेजारच्या काकांना विचारून घे."

"नाही विचारत."

"आणि चारू पुन्हा रुसली तर?"

"तर मला दुरावेल ती." आजी म्हणाली. "बाळा, मला वाचता येत नाही. शब्द खरा की खोटा, मला कळत नाही. तो कुणी दिला एवढंच कळतं. तुझा शब्द मी दुसऱ्याकडून तपासून घेऊ लागले, तर मला शब्द मिळतील, पण नातू मिळायचा नाही."

'डार्लिंग' हा शब्द माहीत असूनही नातवाने तो त्या आठवड्यात शब्दकोशात तीनदा पाहिला.

रविवारी कुमुदने लेकीला कशीबशी फोनवर आणली.

"चारू, माय डार्लिंग," आजी म्हणाली.

 पलीकडून बारीक आवाज आला, "आजी?"

आजीने डोळे पुसले. तिने जवळचे शब्द जुळवून पाहिले आणि सावकाश म्हणाली, "दादा गिव्ह. डार्लिंग, दादा गिव्ह."

नातू उठला आणि अंगणात निघून गेला.