बांध आणि आज्ञाधारक युआन

ऐका हं. एक होती नदी आणि तिला थोपवून धरणारा मातीचा बांध. फार जुनी गोष्ट, दूर चीन देशातली. बांधाची राखण शेन म्हातारा करायचा. पाळीपाळीने सगळ्यांना पाणी द्यायचं आणि बांधाला कुणाला हात लावू द्यायचा नाही, हे त्याचं काम.

त्याचा मुलगा युआन. असा पोरगा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, बरं का. थंडीत बापाच्या अंथरुणात आधी स्वतः झोपून ते ऊबदार करायचा. पेज दोन्ही हातांनी द्यायचा. कन्फ्यूशियस नावाच्या गुरूंची शिकवणच होती की, नुसतं खायला तर आपण जनावरालाही घालतो, आईबापांना आदराने वाढावं.

मग एका उन्हाळ्यात शेनची भाताची रोपं वाळायला लागली. पाळी तर शेजाऱ्यांची. म्हातारा म्हणाला, बांधाला इवलंसं भोक पाड, कुणाला कळतंय.

युआन फावडं घेऊन निघाला. बांधाखाली एक कासव राहायचं, बोलणारं. ते म्हणालं, "अरे, बाप चुकत असेल तर गोड शब्दांत समजवावं. नाही ऐकलं तर आदर न सोडता पुन्हा सांगावं. हीसुद्धा तुझ्या गुरूंचीच शिकवण."

युआन परत बापापुढे जाऊन उभा राहिला. पण तोंडातून शब्द फुटेना. मग त्याने भोक पाडलं. पुढे बाप म्हणाला, मोठं कर. कासवाने पुन्हा विनवलं, युआनने मान खाली घालून मोठं केलं. तिसऱ्यांदाही तेच. गप्प बसणं म्हणजेच आदर, असं वाटायचं त्याला. कसला आदर, मेल्या!

मग डोंगरात पाऊस कोसळला. भोकाचं भगदाड झालं, नदी गावात शिरली. शेन बुजवायला धावला आणि वाहून गेला. चिखलात त्याचं प्रेतच सापडलं, बिचारा. शेतं गेली, घरं गेली. उरलेली माणसं शेनचं नाव निघालं की थुंकायची. राखणदारच राखणदारासारखा वागला नाही, मग पाण्याची पाळी तरी कोण पाळणार? भाऊ भावाशी भांडू लागला. गावाचा मेळ मोडला तो मोडलाच.

युआन बापाच्या थडग्याशेजारी झोपडी बांधून राहिला. जाडंभरडं नेसायचं, पातळ पेज प्यायची, तिकडच्या सुतकाच्या रीतीने तीन वर्षं. लेकरू तेवढी वर्षं आईबापांच्या कडेवर असतं ना, म्हणून. रोज वाकून हळूच म्हणायचा, "बाबा, बांध नका फोडू."

एकदा कासव आलं. म्हणालं, "किती छान सांगतोस रे आता."

युआन रडत राहिला. सगळे सुखाने नांदले म्हणावं, तर नांदायला गावच उरलं नव्हतं.

धाकटी झोपली वाटतं. आठवी-नववीतल्यांनो, तुम्ही विचार करा. युआनने बापाची सेवा केली, पण बापाला वाचवलं का? तीनदा सांगूनही शेनने ऐकलं नसतं, तर युआनने फावडं उचलायचं की नाही? आणि गावाचा मेळ सगळ्यांनी गप्प बसण्याने राहतो, की ज्याने त्याने आपलं काम नीट करण्याने?

माझं काही चुकलं तर मलाही सांगत जा, हळू आवाजात. मी आहे तोवर. मिटा डोळे आता.