भिंतीत राहायला गेलेले राजा-राणी

एका राज्यात राजा होता वज्रकेतू, राणी मेघावती. राजा लढाईत शूर, घरात मात्र दोघांची भाषा एवढीच:

"महाराज, तूप संपलं."

"बरं."

"पागेचं छप्पर गळतंय."

"बघतो."

बारा वर्षं! हसताय काय? तुमच्या घरी वेगळं चालतं वाटतं?

एके दिवशी भर दुपारी राजाला शयनमहालाच्या भिंतीतून आवाज आला. राणी खळखळून हसत होती. कुणीतरी तिला गोष्ट सांगत होतं. आवाज राजाचाच होता.

राजा धावत पुढच्या दालनात गेला. राणी गप्प बसली होती. तिचे पाय घोट्यापर्यंत दगडाचे झाले होते.

खिडकीत म्हातारा धनेश पक्षी बसला होता. चोच वाकडी, जीभ त्याहून वाकडी.

"राजा, न बोललेले शब्द मरत नाहीत. भिंतीत संसार थाटतात. दगड राणीच्या गळ्याशी पोचला, की भिंतीतले ते दोघे बाहेर येतील. आत जाल तुम्ही."

"उपाय?"

"तीन कामं. कामाचं नसलेलं विचार. उत्तर आलं, की दुरुस्त करू नकोस. मग स्वतःचं लपवलेलं एक गुपित दे."

राजा राणीसमोर बसला. घसा खाकरला. "राणीसाहेब, ठीक आहे ना सगळं?"

"ठीक आहे."

दगड गुडघ्यावर चढला. धनेश खिदळला, "अरे शहाण्या, हे विचारणं की हजेरी?"

राजाने पुन्हा विचारलं, "दुपारी तुम्ही कुठे जाता? मला कधी कळलंच नाही."

राणीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. राजाला उठावंसं वाटलं, पण तो बसून राहिला.

"हत्तीखान्यात," ती म्हणाली. "म्हातारी हत्तीण माझा हात सोंडेने हुंगते. या राजवाड्यात मला हात लावणारी तेवढी एकच आहे."

"एवढंच ना? तिला उद्याच अंगणात बांधायला सांगतो!"

दगड कमरेला भिडला. भिंतीतली राणी टाळ्या वाजवू लागली. भिंतीच्या गिलाव्यावर आतून बोटं उमटली.

राजाने जीभ चावली. "चुकलो. मला हत्तिणीचं नाही, तुमचं ऐकायचं होतं. सांगा ना. ती हुंगते तेव्हा काय वाटतं?"

"मी अजून आहे, असं वाटतं."

राजाने उपाय सांगितला नाही. नुसती मान हलवली. दगड तिथेच थांबला.

आता तिसरं काम. वाघासमोर उभा राहिलेला हा गडी, पण आता त्याला घाम फुटला.

"परवा सिंहासनाची पायरी चढताना माझे गुडघे लटपटले. मला म्हातारपणाची भीती वाटते. कुणाला बोललो नाही."

"मी पाहिलं होतं," राणी म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"तूप संपल्याचं सांगायचं होतं ना!"

आणि ती हसली. राजालाही हसू आलं. त्याने तिचा हात हातात घेतला. भिंतीतून एक लांब उसासा आला. बोटांचे ठसे पुसले गेले. दगड तडकून राणीच्या पावलांपाशी सांडला.

धनेश उडून गेला. कुणी पाहिलंसुद्धा नाही. तुपाची घागर रिकामी ती रिकामीच. कामासाठी आलेला राजपुरोहित दाराशी तिष्ठत उभा.

आतून राणीचा आवाज येत होता, "बरं, गुडघे लटपटले, आणि मग?"