नावातला ओ

“मग दगडावर काय कोरायचं, तेवढं तरी सांगा.”

हनोख दारातच उभा राहून विचारत होता. आत यायला त्याला सांगावं लागत असे.

हसाजीबाबा दिव्यांत तेल घालत होते. इस्राएलच्या वाळवंटातल्या त्या नव्या गावात कोकणातून आलेल्या बेने इस्राएल ज्यूंनी एका पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थनेची जागा केली होती. हसाजीबाबा तिथले हजान. प्रार्थना तेच म्हणवून घेत, पोरांना अक्षरं तेच शिकवत आणि झाडूही तेच मारत.

“तिचं नाव कोर,” बाबा म्हणाले.

“तेच तर विचारतोय. कुठलं?”

बाबा तेल घालत राहिले...

हनोखची बायको मिलका जाऊन वर्ष होत आलं होतं. इथे महिन्याभरात कबरीवर दगड बसवतात. मिलकाच्या कबरीवर दगड नव्हता. दफनमंडळींनी नाव लिहून रोवलेली पत्र्याची पाटीही नव्हती. ती हनोखनंच उपटून फेकून दिली होती, कारण तिच्यावर नाव चुकीचं होतं.

वाळवंटात वारा रोजचा. बिनपाटीची कबर हळूहळू आजूबाजूच्या वाळूसारखी दिसू लागली होती. आणखी एक हिवाळा गेला असता, तर मिलका कुठे आहे ते हनोखलाही सापडलं नसतं. हे त्याला ठाऊक होतं, आणि तरी तो अडून बसला होता. माणूस दुःखात शहाणा होतो म्हणतात. हनोख आधी होता त्याहून हट्टी झाला.

नावाची गोष्ट अशी.

हनोख चोंढीकर. गाव अलिबागेजवळचं चोंढी. मुंबईत रेल्वेच्या कारखान्यात कारकून. अक्षर मोत्यासारखं, आणि त्याचा गर्वही तेवढाच. बोटीतून उतरल्यावर बंदरावर टेबलं मांडून कारकून बसले होते, आणि येणाऱ्या प्रत्येकाचं नाव नव्यानं लिहून घेत होते. हनोखनं पासपोर्ट पुढे केला. त्या माणसानं तो बाजूला सारला आणि नाव तोंडानं सांगायला लावलं. दिवसभर दहा मुलखांची नावं ऐकून तो पार पिचला होता.

“हनोख चोंढीकर.”

पहिलं नाव ऐकून तो हसला. ते त्याच्या पोथीतलं होतं. ‘खनोख’ असा त्यानं त्याचा उच्चार सुधारला आणि लिहिला. आडनावाला मात्र त्याची लेखणी अडली.

तसा च ला त्रास झाला नाही. आपला चुलीतला च त्यांच्या अक्षरांत आहे. ढ नाही, म्हणून तिथे द आला. राहिला ओ. त्या लिपीत ओ लिहायला एक उभी दांडी काढतात. ऊ लिहायलाही तीच दांडी. दांडीच्या डोक्यावर टिंब दिलं की ओ, पोटाशी दिलं की ऊ. पण टिंबं द्यायची ती पोथीत आणि पोरांच्या पुस्तकात. रोजच्या लिहिण्यात कुणी देत नाही. आपलं नाव आपण ओळखतोच, म्हणून त्यांचं भागतं.

चोंढीकर कोण ओळखणार?

कारकुनानं दांडी काढली, शिक्का मारला, आणि पुढच्याला बोलावलं. त्या दिवसापासून जो तो कागद बघून वाचू लागला: त्सुन्दिकर.

कामावर त्सुन्दिकर. रेशनच्या रांगेत त्सुन्दिकर. हनोखनं ठरवूनच टाकलं, की या नावाला आपण ओ द्यायची नाही.

दर थोड्या दिवसांनी तो सरकारी कचेरीत जाई. तिथली बाई सुरुवातीला सौम्यपणे बोलत असे.

“अक्षरं बरोबर आहेत. तुम्ही ओ वाचा, तुम्हांला कोण अडवतंय?”

“मी वाचून काय उपयोग? हाक तुम्ही मारता. टिंब द्या वर.”

“आमच्या टाइपरायटरला टिंबं नाहीत.”

“मग हातानं द्या.”

“हातानं दिलेलं धरत नाहीत. हवं तर अख्खं नाव बदला. अर्ज करा, होऊन जाईल. छोटंसं घ्या... त्सूर. म्हणजे खडक. पुष्कळ जण घेतात.”

हनोख तिथून उठला, तो थेट हसाजीबाबांकडे आला होता. ती त्याची पहिली खेप.

“आमच्या सात पिढ्यांचं नाव, बाबा! ही बाई मला खडक हो म्हणते.”

“सात पिढ्यांचं?”

“नाहीतर काय.”

“चोंढीत तुम्हांला काय म्हणत?”

हनोख गडबडला. “चोंढीत... शनिवार तेली म्हणत. शनिवारी घाणा बंद ठेवायचो आपण. सगळ्यांनाच म्हणत.”

“चोंढीकर नाही म्हणत?”

“चोंढीत सगळेच चोंढीचे. तिथे कोण कशाला म्हणेल?”

“मग चोंढीकर कुणी केलं तुम्हांला?”

हनोख म्हणाला, “आजोबा पलटणीत भरती झाले. तिथल्या कारकुनानं गाव विचारलं, आणि...”

बाबांनी झाडू उचलला आणि केर काढू लागले. हनोखला राग आला. उत्तर मागायला जावं आणि म्हाताऱ्यानं केर काढत बसावं, हे त्याला मुळीच पटलं नाही. पुढे कित्येक महिने तो तिकडे फिरकला नाही.

मिलकाला या नावाचं काहीच वाटत नसे. “माहेरची मी पेणकर,” ती म्हणायची. “लग्नात तुम्ही चोंढीकर केलंत, तेव्हा कुठे मी रडले? आता यांनी आणखी थोडं वाकडं केलं. असू द्या की, अहो.”

ती त्याला अहोच म्हणायची. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात कधी घेतलं नाही.

मग ती आजारी पडली. दवाखान्यात बाकावर दोघं बसत. परिचारिका दार उघडून पुकारी, “त्सुन्दिकर!” हनोख समोरच्या भिंतीकडे बघत बसे. पुन्हा हाक येई. तो हलत नसे. मग मिलकाच बाकाला धरून उठायची, दम लागलेला असायचा, आणि चोंढीत परसातून सासूला द्यावी तशी मोठ्यानं म्हणायची, “ओ!”

परिचारिकेला त्याचा अर्थ कळत नसे. पण कुणीतरी आलं, एवढं कळे.

एकदा मिलकाला उठवलं नाही. हाक झाली, दुसरी झाली, आणि परिचारिकेनं पुढचं नाव घेतलं. त्या दिवशी दोघं डॉक्टरला न भेटताच घरी आली. त्या एका दिवसानं ती वाचली असती असं नाही. डॉक्टरनं तसं स्पष्ट सांगितलं. हनोखनं ते ऐकून घेतलं, पण त्याला ते कधीच खरं वाटलं नाही.

तर आता तो दारात उभा होता.

“बोला ना, बाबा. कुठलं नाव?”

“आत ये.”

तो आत आला. बाबांनी तेलाची बुधली खाली ठेवली.

“दवाखान्यात हाक कुणाला मारत?”

“मला. म्हणजे... आमच्या नावाला.”

“उठायचं कोण?”

“ती.”

“कुठल्या नावाला उठायची?”

शेडवरचा पत्रा वाऱ्यानं वाजत होता...

“तिला माझं खरं नाव द्यायचंय, बाबा,” हनोख कसाबसा म्हणाला. “एवढंच राहिलंय माझ्याजवळ. तेही वाकडं करून तिच्या उरावर ठेवू?”

बाबांनी भिंतीजवळचा दिवा काढून त्याच्या हातात दिला. “वात पुढे कर. माझी बोटं चालत नाहीत आता.”

हनोखनं वात पुढे केली. दिवा नीट लागला. बाबा पुढच्या दिव्याकडे वळले, आणि या वेळी हनोखला राग आला नाही. तो तिथेच बसून रडला.

दुसऱ्या दिवशी तो पाथरवटाकडे गेला. पाथरवट मोरोक्कोकडचा होता. त्यानं मिलकाचं ओळखपत्र बघून अक्षरं दगडावर खडूनं उतरवून घेतली.

“टिंबं हवीत?” त्यानं विचारलं. “मी देतो. दगडाला कसला टाइपरायटर!”

कचेरीच्या पायऱ्या झिजवून जे मिळालं नव्हतं, ते इथे मागितल्याशिवाय हातात येत होतं. हनोखनं खडूच्या अक्षरांकडे बघितलं. दांडी सरळ उभी होती, तिच्या डोक्यावर काही नव्हतं. मिलका आयुष्याच्या शेवटी ज्याला उठत होती, ते हेच.

“नको,” तो म्हणाला. “आहे तसंच राहू द्या.”

कबर शोधायला मात्र वेळ लागला. दफनमंडळींचा माणूस रांगा मोजत फिरला तेव्हा सापडली. वाळू दूर करून दगड आडवा बसवला. प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष जमले. सगळे कोकणातले. काहींच्या डोक्यावर अजून मुंबईच्या टोप्या होत्या. वारा एवढा होता, की पोथीची पानं हातानं दाबून धरावी लागत होती.

कबरीवर जाणाऱ्यानं दगडावर लहानसा खडा ठेवायचा, अशी रीत आहे. हनोख खाली बसला. त्यानं बोटाच्या पेराएवढा खडा निवडला आणि नावातल्या दांडीच्या बरोबर डोक्यावर ठेवला.

ओ झाला. त्सोन्दिकर.

हसाजीबाबा बघत होते.

वारा आला आणि खडा घसरून वाळूत गेला. हनोखनं तो शोधून पुन्हा ठेवला. पुन्हा गेला. त्यानं खडा मुठीत घेतला, आणि मग दगडाच्या कडेला, बाकीच्यांनी ठेवले होते त्यांतच ठेवून दिला.

मृतासाठी शेवटची प्रार्थना नवऱ्यानं म्हणायची होती. दफनमंडळींचा माणूस परका. दहांतला नवरा कोण ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं वाकून दगडावरचं नाव वाचलं आणि मोठ्यानं पुकारलं,

“त्सुन्दिकर!”

कुणी हललं नाही. सगळे हनोखकडे बघत होते. हनोख दगडाकडे बघत होता.

“त्सुन्दिकर!”

पहिल्या दोन हाकांनंतर कोण उठायचं, ते त्या वाळवंटात दोघांनाच ठाऊक होतं. हसाजीबाबा हळूच त्याच्यामागे येऊन उभे राहिले आणि त्याच्या कानाशी वाकले.

“दगड ओ देत नाही रे, हनोख... तू दे.”