ओठातला खो

खो-खोचा अंतिम सामना हरल्यावर कर्णधार अरविंद शेंडगे संघाच्या म्हाताऱ्या प्रशिक्षकांना, तात्यांना, गाठायला गेला, तो मंडपामागे की पाण्याच्या टाकीपाशी, हे आता त्याला छातीठोक सांगता येत नाही. प्रश्न तेवढा आठवतो.

"पोरांना काय सांगू, तात्या?"

"काय ठरवलंयस?"

"एका गड्यानं गेलो. येशा खो मिळायच्या आधीच उठला, पंचांनी फाऊल दिला, मला उलट्या दिशेनं पळावं लागलं. तोवर वेळ संपली. होतं असं… पुढच्या वर्षी बघू."

"येशा कुठंय?"

"पिशवी भरतोय. पुन्हा खेळणार नाही म्हणतो."

तात्या रिकाम्या मैदानावर गेले. मधल्या पाटीत, अरविंदकडे पाठ करून, उकिडवे बसले.

"मी येशा. कसं झालं, दाखव."

अरविंद धावत आला. हात तात्यांच्या पाठीवर टेकला. तोंड मिटलेलंच.

तात्या हलले नाहीत.

"उठू?"

अरविंदनं हात झटकन मागे घेतला. म्हाताऱ्यानं पाहिलं होतं तर! तो वळला आणि तडक पोरांकडे गेला.

"येशा लवकर उठला नाही," तो म्हणाला. "माझा हात लागला होता त्याच्या पाठीला. 'खो' मी ओठातच ठेवला."

"का?" बंडानं विचारलं.

"गडी येशाच्या अगदी पुढ्यात होता. त्यानंच मारला असता. पण लोक माझ्या नावानं ओरडत होते… वाटलं, खांबाला वळसा घालून झेप घ्यावी, आपणच टिपावा."

"मग आम्ही आठजण काय पाटीवर ऊन खायला बसलो होतो?"

कुणी हसलं नाही.

"बंडा, तुला दुखऱ्या घोट्यानिशी दुसऱ्यांदा पळायला उतरवलं, तेही माझंच चुकलं. तरी तू तीन मिनिटं हाती लागला नाहीस. आपण पहिल्याच फेरीत घरी जाणार, असं गाव म्हणत होतं. इथवर आलो ते एकमेकांना वेळेवर खो देत. शेवटचा तेवढा मी दिला नाही… उद्या सकाळी सराव आहे. मी येणार. तुम्हाला दुसरा कर्णधार हवा असेल तर तेही तिथंच ठरवू."

येशानं पिशवीचा बंद ओढला. आता हा जाणार, असं अरविंदला वाटलं.

"येतो," येशा मान खाली घालूनच म्हणाला. "पण खो जरा मोठ्यानं देत जा की लेका. पाठीला डोळे आहेत काय आमच्या?"

तेव्हा बंडा हसला. मग बाकीचे.

ते हसू अरविंदला पुरलं, पण एक शंका जाईना. पुष्कळ वर्षांनी, तात्या अंथरुणाला खिळले असताना, त्यानं ती विचारलीच.

"तात्या, त्या दिवशी माझा हात तुम्ही पाहिला होतात ना?"

तात्यांनी आठवायचा प्रयत्नही केला नाही.

"कुठला? मी घड्याळ बघत होतो."