पारखेच्या दालनातली राजकन्या

एका राज्यात रूपाची पारख होत असे, सोन्याची होते तशी. उपवर मुलीला पाहायला पाहुणा आला की प्रधान तिची तसबीर तिच्या चेहऱ्याशेजारी धरी. पाहुणा नाकाशी नाक ताडून बघे, डोळ्याशी डोळा. मुलगी मान खाली घालून बसे. ही रीत कुणी घालून दिली ते ठाऊक नाही, पण मोडायची हिंमत कुणालाच नव्हती.

त्या राज्याच्या राजाला, धीरसिंहाला, एकच कन्या होती, वसुधारा. ती चौदा वर्षांची असताना कर्कटक नावाच्या मांत्रिकाने तिची तसबीर काढली. रंग मंतरलेले होते. तसबिरीतली मुलगी श्वास घेई, पापणी लववी. राजाने कर्कटकाला हत्तीवरून मिरवले.

पुढे वसुधारेला देवी आल्या. जीव वाचला, रूप गेले. गालांवर खड्डे पडले, केस विरळ झाले, डाव्या डोळ्यात फूल पडले. कर्कटकाने तिची नवी तसबीर काढली, जशी होती तशी. राजाने ती पाहिली आणि चुलीत घातली. मांत्रिकाला चाबकाने हाकलले. खरे दाखवणाऱ्याला बक्षीस कोण देतो?

वेशीवर थांबून कर्कटक म्हणाला, "राजा, तुला चित्रच प्यारे. मग चित्रच तुझी मुलगी होईल. तीन पाहुणे येतील. जो जो चित्रासाठी तिला टाकील, तो तो तिची ओळख घेऊन जाईल. चित्रासाठी आलेला जो चित्र दूर सारील आणि खोटे न बोलता सूर्यास्तापर्यंत तिच्याजवळ बसेल, तोच हा शाप उतरवील. पण हे त्याला कुणी सांगितले, तर सारे फुकट."

पहिला पाहुणा आला. त्याने तसबिरीकडे पाहिले, मुलीकडे पाहिले, पुन्हा तसबिरीकडे पाहिले आणि ओरडला, "ही फसवणूक आहे!" तो गेला, आणि त्याच दिवशी दासी वसुधारेला ओळखेनाशा झाल्या. तिच्या ताटात कुणी वाढेना.

दुसरा पाहुणा गोड बोलणारा. तो म्हणाला, "चित्राहून आपण सुंदर." म्हणताना तो तिच्या पायांच्या बोटांकडे पाहत होता. ओठांवरचे हसू तिथेच थिजले होते. घोडा आजारी आहे असे सांगून तो मागच्या दाराने निघून गेला. त्या संध्याकाळी राजा लेकीला ओळखेनासा झाला. तो तसबिरीसमोर बसून तिच्याशी बोलू लागला, तिला घास भरवू लागला. वसुधारा दाराशी उभी राहून पाही. राजा विचारी, "ही बाई कोण? हिला काही हवे आहे का?"

आधी दासी विसरल्या, मग बाप; आता तिसरा गेला की ती स्वतःलाच ओळखणार नव्हती. आरशात पाहील आणि म्हणेल, ही कोण?

तिसरा होता भद्रकेतू, डोंगरापलीकडचा राजपुत्र. प्रधानाने तसबिरीची नक्कल त्याच्याकडेही धाडली होती. पुढे वर्षभर एक साळुंकी दोघांचे निरोप नेई-आणी. त्याची आई अंथरुणाला खिळली तेव्हा वसुधारेने निरोप धाडला होता, "त्यांना बरे वाटेल असे सांगू नका. जवळ बसा." तो तसाच बसला होता. आई त्याचा हात धरून गेली.

रूपाचे खरे सांगावे म्हणून वसुधारेने साळुंकीला तीनदा उडवले आणि तीनदा परत बोलावले.

साळुंकी म्हणाली, "बाईसाहेब, आता तरी सांगू द्या."

"सांगितलेस तर तो येणारच नाही," वसुधारा म्हणाली.

"आणि आल्यावर?"

वसुधारेने साळुंकीपुढे दाणे टाकले. भीती माणसाला असेच खोटे करते. शब्द एकही खोटा बोलावा लागत नाही.

भद्रकेतू दुपारी आला. पारखेच्या दालनात प्रधान तसबीर धरून उभा, शेजारी वसुधारा. राजपुत्र दारातून हसत आत आला आणि त्याची नजर तिच्यावरून पुढे गेली. दालनात दुसरी कुणी आहे का, ते तो शोधत होता. मग तो समजला. त्याचा चेहरा उतरला. वसुधारेने तो उतरताना पाहिला. पाहुण्याचा चेहरा उतरताना ती तिसऱ्यांदा पाहत होती.

"राजपुत्र, पारख करावी," प्रधान म्हणाला.

भद्रकेतूने मान तसबिरीकडे वळू दिली नाही. "ती आत न्या," तो म्हणाला. "आणि आपणही जा. मी यांना भेटायला आलो आहे."

"पण रीत..."

"रीत माझ्या माथी."

प्रधान गेला. भद्रकेतू तिच्यासमोर बसला, नजरेला नजर देऊन. फूल पडलेल्या डोळ्यावर ती अडकू दिली नाही आणि मुद्दाम चुकवलीही नाही.

"माझा चेहरा उतरला," तो म्हणाला. "आपण पाहिलात. नाही म्हटले तर तो आपला अपमान होईल. मी दुसरा चेहरा मनात घेऊन आलो होतो. सावरायला थोडा वेळ लागला."

वसुधारा वाट पाहत होती, आता विचारील, हे कशाने झाले? का लपवलेत? त्याने यातले काहीच विचारले नाही. तो म्हणाला, "आईच्या वेळी आपण निरोप धाडला होता. त्याचे आभार मला समोर बसून मानायचे होते."

मग त्याने आईच्या शेवटच्या दिवसांचे सांगितले. तिने ऐकले. हळूहळू तिचा आवाज सुटला, आणि तो आवाज ऐकून तो पहिल्यांदा मोकळेपणी हसला. बोलणे त्याच्या ओळखीचे होते.

उन्हे उतरली तशी तीच म्हणाली, "मला देवी आल्या होत्या. मी कळवायला हवे होते. आपण येणार नाही या भीतीने कळवले नाही."

"कळवले असते तर बरे झाले असते," तो म्हणाला. "मला वाईट वाटले. रागही आला. पण इतके भ्यायला आपल्याला कुणी लावले, तेही दिसते आहे."

"मग विवाहाचे काय?"

होय म्हणणे किती सोपे होते!

"नाही," तो म्हणाला. "माझ्या मनात होकार नाही. आज दयेने होय म्हटले, तर रोज सकाळी ते आपल्याला माझ्या तोंडावर दिसेल. विचार करतो, असे म्हणून मी आपल्याला ताटकळतही ठेवणार नाही. आपली संगत मोलाची आहे. तेही खरे, आणि हेही खरे."

काळजावर दगड ठेवून तिने मान हलवली. हाच तिसरा, हाही चालला. आता सारे संपले असे तिला वाटले. डोळे मिटून ती स्वतःला विसरायची वाट पाहू लागली.

पण तो उठला नाही. नकार देऊन लगेच पळणे म्हणजे तिला अर्ध्या वाटेत टाकणे, हे त्याला कळत होते. ती रडली, तो बसून राहिला. उगी राहा, असे म्हणाला नाही. सूर्य डोंगराआड गेला.

आतल्या दालनात तसबिरीतली मुलगी पापणी लववायची थांबली. रंग वाळले, साधे झाले. घास धरलेला राजाचा हात हवेतच राहिला. तो उठला, ठेचाळत दालनात आला आणि देवीच्या वणांच्या त्या चेहऱ्यासमोर थांबला.

"वसू," तो म्हणाला. "बाळ, मी इतके दिवस कुणाला भरवत होतो?"

दासी धावत आल्या, तिच्यासाठी ताट वाढू लागल्या. दुसऱ्या दिवशी पारखेची रीत बंद झाल्याची दवंडी पिटली. कर्कटकाला मानाने बोलावून आणले. राज्य ताळ्यावर आले. भद्रकेतू मात्र सकाळीच डोंगराकडे निघून गेला होता. वसुधारा वेशीपर्यंत गेली होती, डोक्यावरून पदर न ओढता.

त्या संध्याकाळी बापाच्या खांद्यावर डोके ठेवून ती खूप रडली. बापाला वाटले, लेक आपल्यासाठी रडते आहे. तिने त्याला तसेच वाटू दिले.

तिचा शाप उतरला, तसा साऱ्यांचा उतरो. दुःख राहिले, ते ज्याचे त्याने सोसावे.